पगार मान्य, हुद्द्याबद्दल थोडं बोलायचं होतं

ऑफर लेटरची मेल आली तेव्हा मी नाशिकच्या मायको सर्कलजवळ होते. मायको कंपनीचं नाव २००८ सालीच बदलून बॉश झालं, पण सर्कल अजून मायकोच आहे, रिक्षावाल्याला बॉश सर्कल म्हटलं तर तो मागे वळून बघतो. पाऊस भुरभुरत होता. स्कूटर कडेला घेतली, रेनकोटच्या आत हात घालून फोन काढला आणि ओल्या बोटाने मेल उघडून फक्त एकच गोष्ट शोधली: आकडा. वर्षाला ११ लाख २० हजार. मी मुलाखतीत ११ सांगितले होते. त्यांनी वीस हजार वरच दिले होते. तिथेच उभ्या उभ्या नवऱ्याला फोन लावला आणि 'झालं' एवढंच म्हणाले.

घरी येऊन, कोरडी होऊन, लॅपटॉपवर पत्र नीट वाचलं तेव्हा दुसऱ्या ओळीवर अडकले. हुद्दा: असिस्टंट मॅनेजर, सप्लायर क्वालिटी.

तो शब्द का खुपला ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मी सातपूरच्या एका कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीत होते. प्रेस पार्ट, छोटे स्टँपिंग, गाड्यांच्या आणि स्विचगिअरच्या कंपन्यांना पुरवठा. मालकाची कंपनी, तिथे हुद्दे तीनच: इंजिनिअर, सीनियर इंजिनिअर आणि मॅनेजर. मॅनेजर मालकांचे पुतणे. त्यामुळे नऊ वर्षांत मी एकदाच बढती पाहिली. काम मात्र वाढत गेलं. शेवटची चार वर्षं ग्राहकाचं ऑडिट आलं की समोर मी, नवीन पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, म्हणजे पीपॅप, सादर करायची तर सही माझी, आणि अंबड, सिन्नरच्या वीस-बावीस व्हेंडरांचा माल पास-नापास करणारीही मीच. कागदावर सीनियर इंजिनिअर.

नवी कंपनी अंबडची, मोठी, मुख्य कार्यालय पुण्यात. मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत क्वालिटी हेडनी मला प्लांट फिरवून दाखवला. सहा जणांची टीम तुमच्याकडे असेल, म्हणाले. बाहेरून आलेला माल तपासतात त्या इनकमिंगच्या टेबलापाशी एक चाळिशीचे गृहस्थ भेटले, शांत, कामाला पक्के वाटले. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, 'मी असिस्टंट मॅनेजर, इनकमिंग.' हेड हसून म्हणाले, 'हे तुम्हाला रिपोर्ट करतील.'

आता ऑफर लेटरमध्ये माझाही हुद्दा तोच होता.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'अगं पण पगार मिळतोय ना?' सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, 'मॅनेजर म्हणजे मॅनेजर. त्यात असिस्टंट काय नि डेप्युटी काय.' दोघांचंही चुकत होतं असं नाही. त्या रात्री मलाही वाटत होतं की हा माझा अहंकार असेल. पण मुलाखतीत मी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर डोक्यात घोळत होतं. मी विचारलं होतं, डेव्हिएशन नोटवर सही कोणाची लागते? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हेंडरचा माल ड्रॉइंगपेक्षा थोडा इकडेतिकडे असला, पण वापरता येण्यासारखा असला, तर तो कोणाच्या तरी जबाबदारीवर, ठरावीक संख्येपुरता आणि मुदतीपुरता घेतला जातो. ती जबाबदारी म्हणजे ही नोट. हेडनी सहज सांगितलं होतं, 'आमच्याकडे डेप्युटी मॅनेजर आणि त्यावरचे सही करतात.'

म्हणजे मी असिस्टंट मॅनेजर म्हणून गेले तर सप्लायर क्वालिटी माझी, पण सप्लायरचा माल घ्यायचा की नाही याची सही दुसऱ्याची. रात्रपाळीला लाइन थांबलेली असताना हेडना झोपेतून उठवायचं. आणि व्हेंडरलाही दोन दिवसांत कळतं की सही कोणाकडे आहे. मग तो माझ्याशी बोलतच नाही, थेट वर फोन करतो. हे मी सातपूरला नऊ वर्षं भोगलं होतं.

रात्री अकरा वाजता मेल लिहायला बसले. एक वाजेपर्यंत सव्वा पान झालं. त्यात माझी नऊ वर्षं होती, माझ्या बॅचचे तिघे कुठे कुठे मॅनेजर झालेत ते होतं, जुन्या कंपनीत हुद्दे कसे देत नाहीत त्याची कहाणी होती, आणि शेवटी 'योग्य तो विचार व्हावा'. पाठवली नाही, एवढं डोकं शाबूत होतं.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत शेजारच्या विंगमध्ये एक काका राहतात. अंबडच्याच एका कारखान्यात तीस वर्षं पर्सोनेलला होते, मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. एचआर हा शब्द त्यांच्या तोंडी अजून बसत नाही. सकाळी ते फिरून येताना त्यांना गाठलं. त्यांनी मेल वाचलीच नाही. आधी ऑफर लेटर मागितलं.

'हुद्दा सोड. ग्रेड काय लिहिलाय?'

मी बघितलाच नव्हता. पत्राच्या दुसऱ्या पानावर, नोटीस पिरियडच्या वर, लहान अक्षरात होता: एम-१.

काकांनी मग जे सांगितलं ते मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या कंपनीत हुद्दा हे पाटीवरचं नाव, ग्रेड हा आतला हिशेब. प्रत्येक ग्रेडला पगाराची एक खालची आणि एक वरची मर्यादा असते. इन्क्रिमेंट, बढतीची रांग, विम्याची रक्कम, प्रवासाचा वर्ग, नोटीस पिरियड हे सगळं ग्रेडला बांधलेलं असतं. बहुतेक वेळा एका ग्रेडला एक हुद्दा असतो, पण नेहमीच नाही. काही कंपन्या ग्रेड तोच ठेवून पाटीवरचं नाव बदलून देतात. 'तुला यातलं काय हवंय ते आधी ठरव,' काका म्हणाले. 'तुझ्या मेलीत तू काय मागितलंस?'

मी म्हटलं, हुद्दा.

'आणि पगार?'

'पगार मान्य आहे.'

'मग ते कुठे लिहिलंयस?'

सव्वा पानात ते कुठेच नव्हतं.

काकांचं म्हणणं असं की हुद्दा मागणारी मेल आली की पर्सोनेलच्या माणसाला पहिली शंका येते ती पैशाची. हा माणूस आडून पगार वाढवून मागतोय, आज हुद्दा, उद्या म्हणेल डेप्युटी मॅनेजरला एवढा पगार कमीच आहे. ती शंका पहिल्याच वाक्यात मारायची. दुसरं, माझ्या नऊ वर्षांचा उल्लेख त्यांना उपयोगाचा नाही, कारण ती वर्षं बघूनच त्यांनी मला एम-१ दिला होता. 'त्यांनी काय केलं असेल सांगू? तुझा शेवटचा हुद्दा बघितला, सीनियर इंजिनिअर. त्याच्यावरची पायरी असिस्टंट मॅनेजर. त्यांच्या मते त्यांनी तुला एक बढती देऊनच घेतलंय. तुझ्या जुन्या मालकाने हुद्दे दिले नाहीत ही त्यांची अडचण नाही. त्यांची अडचण कुठे आहे ते दाखव.'

त्यांची अडचण म्हणजे माझ्या हाताखाली माझ्याच हुद्द्याचा माणूस असणं, आणि डेव्हिएशनची सही. दोन्ही गोष्टी मला त्यांच्याच हेडनी सांगितलेल्या. माझ्या बॅचचे तिघे एका झटक्यात मेलीतून गेले.

तिसरी गोष्ट काकांनी सांगितली ती कायद्याची, आणि ती सांगताना ते जरा सरसावून बसले. १८७२ चा आपला करार कायदा म्हणतो की स्वीकार बिनशर्त हवा. 'डेप्युटी मॅनेजर केलंत तरच येईन' असं लिहिलं तर तो स्वीकार नाही, तो उलटा प्रस्ताव झाला, आणि उलटा प्रस्ताव दिला की मूळचा तू नाकारलास असं धरता येतं. मग ते 'नाही' म्हणाले तर परत जाऊन 'बरं, आहे तशी ऑफर घेते' म्हणायचा हक्क तुझ्याकडे उरत नाही, त्यांच्या मर्जीवर येतं. प्रत्यक्षात एका नम्र मेलीवरून कोणी ऑफर काढून घेत नाही, म्हणाले, पण वाक्य असं लिही की अट वाटू नये, विचारणा वाटावी. आणि ऑफर आहे तशी उघडी राहू दे.

मी विचारलं, आधी सही करून मग मागितलं तर? काका नुसते हसले. त्या कंपनीचं पोर्टल होतं, ऑफर लेटरच्या खाली Accept असं हिरवं बटण होतं. ते दाबलं की दुसऱ्या मिनिटाला जॉइनिंगची कागदपत्रं सुरू होतात आणि आपली फाइल त्यांच्या लेखी बंद होते. मग हुद्द्याचा विषय जॉइनिंगनंतरच्या गप्पांमध्ये जमा. ते बटण मी आठवडाभर दाबलं नाही. राजीनामाही दिला नाही. राजीनामा सुधारित पत्र हातात आल्यावरच, हे काकांनी दोनदा बजावलं.

एक पायरी मात्र लिखाणाच्या आधीची होती. मेल एचआरला जाणार, कारण पत्र त्यांच्याकडून आलं होतं. पण एचआर पहिला फोन क्वालिटी हेडना करणार, आणि त्यांना ते आधी माझ्याकडून कळलेलं बरं. मी दुपारी त्यांना फोन केला. दोनच मिनिटं. म्हटलं, 'सर, ऑफर मिळाली, पगार मान्य आहे. फक्त हुद्दा असिस्टंट मॅनेजर आलाय आणि इनकमिंगचे सरही त्याच हुद्द्यावर आहेत. एचआरला एक मेल लिहू का?' ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, 'हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लिहा. मला सीसीत ठेवा.' या फोनशिवाय पुढचं काहीच झालं नसतं असं मला आज वाटतं.

मेल इंग्रजीत होती. तिचा मराठी अर्थ साधारण असा:

'ऑफरबद्दल आभार. पगार आणि इतर अटी मला मान्य आहेत, आणि मी रुजू होण्यास उत्सुक आहे. स्वीकार नोंदवण्यापूर्वी एकाच मुद्द्याचा विचार व्हावा अशी विनंती आहे. पत्रात हुद्दा असिस्टंट मॅनेजर असा आहे. मुलाखतीत समजलेल्या रचनेनुसार सप्लायर क्वालिटीच्या सहा जणांच्या टीमची जबाबदारी माझ्याकडे राहील आणि त्यातील एक सहकारी सध्या असिस्टंट मॅनेजर आहेत. तसंच डेव्हिएशन नोटवर सही करण्याचा अधिकार डेप्युटी मॅनेजरपासून सुरू होतो, आणि या जागेच्या रोजच्या कामात तो लागेल. त्यामुळे या जागेचा हुद्दा डेप्युटी मॅनेजर, सप्लायर क्वालिटी असा करता येईल का? पगारात बदलाची अपेक्षा नाही. ऑफरची मुदत मंगळवारपर्यंत आहे. तोवर निर्णय होणं कठीण असेल तर मुदत थोडी वाढवून मिळावी.'

एवढीच. लिहायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा 'इतर अटी मान्य आहेत' यावर काकांशी वाद घालण्यात गेली. माझं म्हणणं, सगळंच मान्य म्हटलं तर पुढे बोलायला जागा राहत नाही. त्यांचं म्हणणं, एक मागणी एकटी उभी असली की तिला 'हो' म्हणणं सोपं जातं. सोबत दोन बारीकसारीक जोडल्या की समोरचा त्यातली सगळ्यात स्वस्त देऊन मोकळा होतो. त्यांचं ऐकलं.

ग्रेडचा उल्लेख आम्ही मुद्दाम टाळला होता. काकांचा हिशेब असा की ग्रेड म्हटलं की पगाराची मर्यादा येते आणि मग 'पगारात बदल नको' हे वाक्य खोटं ठरू शकतं. ते कसं, हे मला पुढे कळलं.

मेल गुरुवारी सकाळी साडेनऊला गेली. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी मी सातपूरला नेहमीसारखी ड्युटीवर, दर दहा मिनिटांनी फोन बघत. रविवारी सोमेश्वरला गेलो, धबधब्याला पाणी आलं होतं, सगळे मका खात होते आणि मी नवऱ्याला विचारत होते की 'करता येईल का' हे जरा लाचार वाटलं का. त्याने मक्याचं कणीस माझ्या हातात दिलं आणि विषय बदलला.

सोमवारी सकाळी एक ओळीची आठवण पाठवली: मुदत उद्या संपते आहे, गुरुवारच्या मेलीबद्दल कळवावं. अर्ध्या तासात एचआरच्या मॅडमचा फोन आला.

आवाज गोड. 'मॅडम, टायटलने काय फरक पडतो हो? आमच्याकडे कामाला महत्त्व आहे.' मी म्हटलं, डेव्हिएशनच्या सहीने फरक पडतो. त्यावर त्या पटकन व्यवहारावर आल्या, आणि खरं सांगायचं तर तिथून पुढे त्या माझ्याशी फारच सरळ बोलल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. डेप्युटी मॅनेजर म्हणजे त्यांच्याकडे एम-२. एम-१ चा पट्टा वर्षाला ८ ते १२ लाखांचा, एम-२ चा पावणेबारापासून सुरू. माझा पगार ११ लाख २० हजार. मला एम-२ मध्ये घ्यायचं तर पगार किमान ५५ हजारांनी वाढवावा लागेल, कारण ग्रेडच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी पगारावर सिस्टीम नेमणूकच घेत नाही. आणि ही जागा पुण्याहून एम-१ म्हणून मंजूर होऊन आली आहे. ती एम-२ करायची तर पुन्हा मंजुरी, तीन-चार आठवडे, आणि पुण्याने 'नाही' म्हटलं तर जागाच अडकेल.

म्हणजे पगारात बदल नको असं मी भाबडेपणाने लिहिलं होतं, आणि खरी अडचण नेमकी ती होती की माझा पगार त्या हुद्द्यासाठी कमी पडत होता. हुद्दा द्यायला कंपनीचं काय जातं, असं लोक म्हणतात. ५५ हजार आणि एक मंजुरी जाते.

मग त्यांनी नेहमीचा उपाय पुढे केला. 'तुम्ही जॉइन व्हा, सहा महिन्यांनी कन्फर्मेशन होईल तेव्हा बघू.' मी म्हटलं, चालेल, हेच पत्रात लिहून देता का? 'पत्रात तसं लिहिता येत नाही.' मी काही बोलले नाही. खरंतर मला काय बोलावं तेच सुचलं नाही, पण ती शांतता कामाला आली. त्या म्हणाल्या, 'एक करता येईल का बघते. ग्रेड एम-१ राहील. कामाचा हुद्दा म्हणून डेप्युटी मॅनेजर देता येतो का ते हेडशी बोलते. सहीचा अधिकार त्यांच्या हातात आहे.'

मुदत शुक्रवारपर्यंत वाढवल्याची मेल संध्याकाळी आली. हे मात्र न विसरता बघायचं: मेलीतून वाढवलेली मुदत पोर्टलला माहीत नसते. मंगळवारी रात्री बारा वाजता हिरवं बटण आपोआप करडं झालं असतं. मी मॅडमना विचारून ते बदलून घेतलं.

दरम्यान मी बसून ग्रेडचा हिशेब केला, आणि तो हुद्द्यापेक्षा जास्त बोचला. ११ लाख २० हजारांवर एप्रिलमध्ये समजा ७ टक्के वाढ मिळाली तर ११ लाख ९८ हजार होतात. एम-१ ची वरची मर्यादा १२. म्हणजे पहिल्याच इन्क्रिमेंटला डोकं छताला लागणार. त्यानंतर काम कितीही चांगलं केलं तरी त्या ग्रेडमध्ये पगार फारसा हलायला जागा नाही. चांगला पगार मिळाला म्हणून मी ज्यावर खूश होते, तो पगार चांगला वाटत होता कारण तो पट्ट्याच्या टोकाला होता. एम-२ च्या तळाशी बसले असते तर वर बरीच जागा राहिली असती. ऑफर लेटर आल्यावर मर्यादा विचारायला हव्यात हे मला आता कळतं. विचारलं की सांगतात, निदान मला सांगितल्या.

बुधवारी सुधारित पत्र आलं. हुद्दा: डेप्युटी मॅनेजर, सप्लायर क्वालिटी. ग्रेड: एम-१. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगून आले. त्या म्हणाल्या, 'म्हणजे आता झालं ना?'

झालं नव्हतं. काकांनी दोन्ही पत्रं छापून आणायला लावली होती आणि ओळीवर ओळ ठेवून वाचायला लावली. पगार तोच. जॉइनिंग तारीख तीच. प्रोबेशन तेच, सहा महिने. नोटीस पिरियड मात्र पहिल्या पत्रात ६० दिवस होता, दुसऱ्यात ९० झाला होता. मॅडमना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. शोधून सांगितलं की पत्राचा साचा हुद्द्यावर चालतो, डेप्युटी मॅनेजर टाकलं की ९० दिवस आपोआप येतात, आणि ते धोरणच आहे, बदलता येणार नाही. थोडक्यात, नोटीस एम-२ ची आणि पगाराचं छत एम-१ चं. मला हसू आलं आणि रागही आला. ९० दिवसांची नोटीस ही लहान गोष्ट नाही. पुढे नोकरी बदलताना तीन महिने कोण थांबतं? पण मी ते घेतलं. डेव्हिएशनची सही मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटली. दुसऱ्या कोणाला नसती वाटली, आणि त्याचंही बरोबर असतं.

मात्र त्या बदल्यात एक ओळ मागितली. यावेळी लेखी, हेडना सीसीत ठेवून, तीनच वाक्यं: सुधारित पत्र मिळालं, आभार. हुद्दा आणि ग्रेड सध्या वेगळे आहेत हे समजलं. येत्या एप्रिलच्या आढाव्यात ग्रेडचाही विचार व्हावा, याची नोंद मेलीत मिळाली तर मी आजच स्वीकार नोंदवते. काकांना शेवटचं वाक्य आवडलं नाही, अट वाटते म्हणाले. मला वाटलं एवढं चालेल. त्यांचं उत्तर आलं: कामगिरीच्या अधीन राहून एप्रिलच्या आढाव्यात ग्रेडचा विचार केला जाईल. विचार म्हणजे वचन नव्हे, हे मलाही कळतं. पण तारीख आहे आणि ती लिहिलेली आहे. एक बारकावा मी आधीच विचारून ठेवला होता: एप्रिलच्या आढाव्यात कोण धरले जातात? ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेले, असं उत्तर मिळालं. माझी तारीख १८ ऑगस्ट होती. ऑक्टोबरची असती तर ती ओळ अख्खं एक वर्ष पुढे गेली असती.

संध्याकाळी हिरवं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सातपूरला राजीनामा दिला. मालक म्हणाले, 'हुद्दाच हवा होता तर मला सांगायचं.' नऊ वर्षांत तीनदा सांगितलं होतं. मी चहा प्यायले आणि उठले.

ग्रेडबद्दल पहिल्याच मेलीत विचारायला हवं होतं का, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे. विचारलं असतं तर कदाचित पुण्याला मंजुरी गेली असती आणि कदाचित ५५ हजारांसह एम-२ मिळाला असता. किंवा जागाच अडकली असती. काका म्हणतात, बरोबर केलंस. पण ते त्यांनीच सांगितलेलं होतं, त्यामुळे ते दुसरं काय म्हणणार.

१८ ऑगस्टला रुजू झाले. गेटवर तात्पुरता पास मिळाला, दुपारी ओळखपत्र. त्यावर लिहिलं होतं: असिस्टंट मॅनेजर.

मी शांतपणे एचआरला गेले. चूक साधी होती. माझी नोंद त्यांच्या सिस्टीममध्ये पहिल्या पत्रावरून झाली होती, सुधारित पत्र फक्त मेलीत आणि पोर्टलवर होतं. ओळखपत्र दोन दिवसांत बदललं. पण ओळखपत्र ही वरवरची गोष्ट. सिस्टीममधली नोंद बदलली का ते मी तीनदा विचारलं, कारण पुढे कधी इथून निघाले तर अनुभवाचं प्रमाणपत्र त्या नोंदीवरून निघणार, आणि पुढची कंपनी पडताळणी करेल तेव्हा इथलं एचआर तीच नोंद वाचून दाखवणार. माझ्या बायोडेटावर एक हुद्दा आणि त्यांच्या नोंदीत दुसरा निघाला तर खोटी मी ठरणार, ते नाही. 'झालं आहे मॅडम' असं तिन्ही वेळा सांगितलं गेलं. खरं काय ते कळायची एकच जागा होती, पगाराची स्लिप. ती थेट सिस्टीममधून येते, कोणी हाताने टाइप करत नाही.

पहिली स्लिप ३१ ऑगस्टची. असिस्टंट मॅनेजर. मी स्लिप जोडून एक मेल केली, सुधारित पत्रही जोडलं, खाली काही लिहिलं नाही, फक्त 'कृपया पाहावे'.

इनकमिंगचे सर या सगळ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. पहिल्या आठवड्यात ते जरा हातभर अंतर ठेवून होते. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला एक लॉट आला, कॉपरचे टर्मिनल, चार हजार नग, एका बाजूची जाडी वरच्या मर्यादेच्या तीन शतांश मिलिमीटर बाहेर. रात्री साडेनऊ, लाइन दहाला थांबणार. त्यांनी मला फोन केला, मी घरून निघाले. दोघांनी मिळून वीस नग असेंब्लीत बसवून बघितले, सगळे बसले, प्लेटिंग ठीक होतं. त्यांनी डेव्हिएशन नोट भरून माझ्यासमोर ठेवली, चार हजार नगांपुरती, सात दिवसांच्या मुदतीची. मी सही केली. व्हेंडरला सकाळी फोन मी केला आणि त्याने तो उचलला.

सप्टेंबरची स्लिप ३० तारखेला आली. तीत हुद्दा बरोबर होता. त्याच्या खालच्या ओळीत, बारीक अक्षरात: ग्रेड एम-१.

आता फेब्रुवारी चालू आहे. मेलीतली ती ओळ मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आढाव्याचा फॉर्म उघडेल तेव्हा त्यात 'इतर' नावाचा एक रकाना असतो, असं इनकमिंगच्या सरांनी सांगितलं आहे. त्यांना स्वतःलाही तो या वर्षी भरायचा आहे. काल जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, 'मॅडम, ती तुमची मेल जरा दाखवता का?'